निघणारे स्टिकर, न निघणारे डाग

भिंतीवर लावायचे स्टिकर म्हणजे तीन थरांची पातळ चवड असते. वर चित्र छापलेला विनाइलचा पडदा, त्याखाली गोंदाचा थर आणि सगळ्यात खाली सिलिकॉनचा हात दिलेला गुळगुळीत कागद. सिलिकॉनला गोंद नीट धरत नाही, म्हणून हा कागद सहज सुटतो. गोंदाला पाणी लागत नाही की वाळण्यासाठी वेळ लागत नाही. दाब दिला की तो चिकटतो. ‘काढता येणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टिकरमध्ये याच जातीचा, पण मुद्दाम कमी पकडीचा गोंद वापरलेला असतो. ऑनलाइन दुकानातल्या विक्रीपानावर अशा स्टिकरबद्दल साधारण चार गोष्टी लिहिलेल्या असतात: शीटचे माप, कोणत्या पृष्ठभागावर चालेल, निघताना कसे निघेल आणि नव्या रंगाबद्दलची सूचना. गिऱ्हाईक बहुधा पहिलीच गोष्ट वाचते, आणि तीही अर्धवट.

मापाच्या ओळीत दोन वेगळे आकडे असू शकतात. एक शीटचा, म्हणजे घरी येणाऱ्या गुंडाळीचा. दुसरा भिंतीवर चित्र लागल्यावर त्याने व्यापलेल्या जागेचा. समजा, झाड आणि पक्ष्यांच्या स्टिकरखाली ‘शीट ६० × ९० सेंमी, भिंतीवर १५० × १२० सेंमी’ असे लिहिले आहे. शीटचे क्षेत्रफळ ५,४०० चौरस सेंमी भरते आणि भिंतीवरच्या चौकटीचे १८,०००. म्हणजे चौकटीचा जेमतेम तीस टक्के भाग विनाइलने झाकला जातो, बाकी सत्तर टक्के मोकळी भिंतच दिसते. यात फसवणूक नाही. खोड, फांद्या, पाने आणि पक्षी शीटवर जागा वाचवत दाटीने छापलेले असतात. ते सुटे करून भिंतीवर मोकळे मांडायचे असतात. मात्र जाहिरातीच्या छायाचित्रात शेजारी ठेवलेला सोफा बरेचदा संगणकावर जोडलेला असतो, त्यामुळे त्यावरून मापाचा अंदाज घेण्यात अर्थ नाही. वर्तमानपत्राची पाने जोडून दुसऱ्या आकड्याएवढा आयत करावा आणि भिंतीला टेकवून पाहावा. पानावर एकच माप असेल तर ते शीटचे आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

पृष्ठभागाच्या यादीत काच, टाइल, लॅमिनेट, लोखंडी कपाट, फ्रिज आणि गुळगुळीत रंगवलेली भिंत ही नावे ठरलेली असतात. काचेवर किंवा टाइलवर लावण्यात फारसा धोका नसतो. त्या पृष्ठभागाचा थर सुटत नाही आणि उरलेला गोंदही पुसून काढता येतो. प्रश्न उभा राहतो तो भिंतीपाशी, कारण रंगवलेली भिंत हीसुद्धा थरांचीच बनलेली असते. विटेवर गिलावा, त्यावर पुट्टी, मग प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात. स्टिकर ओढले की ओढ या सगळ्या थरांपर्यंत जाते, आणि त्यातला जो जोड सर्वांत कमजोर तिथून ते सुटते. गोंद आणि रंग यांच्यातला जोड सर्वांत कच्चा असेल तर स्टिकर स्वच्छ निघते. पुट्टी आणि रंग यांच्यातला जोड कच्चा असेल तर रंगाचा पापुद्रा स्टिकरबरोबर हातात येतो, आणि गोंद मात्र त्याचे काम नेमके करत असतो. त्यामुळे तेच स्टिकर एका घरात निर्धोक ठरते आणि शेजारच्या घरात पोपडे काढते. दुकानदाराला बिचाऱ्याला गिऱ्हाइकाच्या पुट्टीखाली काय दडले आहे ते कळण्याचा मार्ग नसतो.

महाराष्ट्रातल्या घरांत या बाबतीत काही ठरावीक अडचणी दिसतात. चुन्याची सफेदी आणि साधा डिस्टेंपर हातावर उतरतो. त्या भुकटीवर गोंद बसतो, भिंतीवर नाही. असे स्टिकर दोन-चार दिवसांत आपोआप खाली पडते. पुट्टीवर प्रायमर न मारता थेट रंग दिला असेल, तर वरून भिंत देखणी दिसते, पण रंगाची मुळातली पकडच कमी असते. ओल येणाऱ्या भिंतीत पाणी रंगामागे साठते. हवा-पाणी न सोडणारे विनाइल वर आले की ते बाहेर पडू शकत नाही आणि फुगे धरतात. उंचवटे असलेल्या टेक्श्चर भिंतीवर गोंद फक्त शेंड्यांना टेकतो. सहज पुसता येणारे, डाग न धरणारे काही महागडे रंगही या कामाला अडचणीचे असतात, कारण डाग दूर ठेवणारे त्यांचे पृष्ठभाग गोंदालाही नीट धरू देत नाहीत.

निघण्याबद्दल विक्रीपानावर एक-दोन शब्दच असतात, प्रत्यक्षात मात्र ते बऱ्याच गोष्टींवर ठरते. पहिली वेळ. लावल्या क्षणी गोंद भिंतीला काही ठिकाणीच टेकलेला असतो. पुढच्या तासांत आणि दिवसांत तो हळूहळू पसरत रंगाच्या बारीक खाचाखोचांत उतरतो आणि पकड वाढते. म्हणून लावल्यावर लगेच काढून पाहण्याची परीक्षा फारशी कामाची नाही. पुढे वर्षे गेली की विनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य गोंदात उतरू लागते. पडदा कडक होतो, आकसतो आणि गोंदाचा गुणही बदलतो. पश्चिमेचे ऊन थेट पडणाऱ्या भिंतीवर हे लवकर घडते. म्हणूनच काढता येणाऱ्या विनाइलसाठी बरेचदा एखाद-दोन वर्षांची मुदत दिलेली असते. त्यानंतर स्टिकर निघत नाही असे नाही, पण तुकड्यातुकड्यांनी निघते आणि मागे गोंद ठेवते.

दुसरी गोष्ट वेग. हा गोंद धड घट्टही नसतो आणि धड पातळही नसतो. झटका दिला की तो घट्ट पदार्थासारखा अडतो आणि सगळा जोर रंगावर येतो. हळू ओढला की पातळ पदार्थासारखा वाहत सोडून देतो. त्यामुळे कोपरा नखाने उचलून, पट्टी स्वतःवरच मागे दुमडून, भिंतीला जवळजवळ समांतर ठेवत सावकाश ओढावी. भिंतीपासून सरळ बाहेर खेचले की रंग उचलला जाण्याची शक्यता वाढते. थंडीच्या दिवसांत विनाइल ताठर होऊन फाटते, तेव्हा हेअर ड्रायरची ऊब वीतभर अंतरावरून काही सेकंद द्यावी. मात्र ऊब हाताला सोसेल इतपतच हवी. जास्त तापलेला गोंद मधूनच दुभंगतो: अर्धा विनाइलवर जातो, अर्धा भिंतीवर उरतो. ‘पुन्हा वापरता येते’ हा दावा छोट्या तुकड्यांपुरता बरा आहे. मोठे स्टिकर काढताना स्वतःलाच चिकटते, आणि गोंदावर एकदा धूळ बसली की त्याची पकड गेली.

या सगळ्यात नव्या रंगाची सूचना बहुधा अगदी खाली, बारीक अक्षरांत असते. पाहायला गेले तर तिची जागा सर्वांत वर हवी. पाण्यात मिसळायचा इमल्शन रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो आणि रंगारी काही तासांनी दुसरा हात देतो. त्यावरून भिंत तयार झाली असा समज होतो. पण त्या वेळी फक्त वरचे पाणी उडालेले असते. रंगातले चिकट कण एकमेकांत मिसळून एकसंध पडदा व्हावा म्हणून त्यात थोडे द्रावण घातलेले असते. ते पुढचे काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहते, आणि तोवर रंग आतून मऊच असतो. अशा भिंतीवर विनाइल लावले की बाहेर निघू पाहणारी वाफ अडते. ती गोंदाला मऊ करते, फुगे आणते आणि कडा उचलते. शिवाय इमल्शनमधला चिकट घटक आणि स्टिकरचा गोंद पुष्कळदा एकाच, अ‍ॅक्रिलिक कुळातले असतात. दोन मऊ थर दाबून राहिले की ते एकमेकांना धरून बसतात. नंतर ओढल्यावर एकतर चिकट लप्पा भिंतीवर उरतो, नाहीतर रंग सालीसारखा निघून येतो. म्हणून किमान तीन ते चार आठवडे थांबावे. ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो, त्याला त्याहून जास्त वेळ देणे बरे.

पुण्यातल्या एखाद्या भाड्याच्या फ्लॅटचे उदाहरण घेतले तर हिशेब स्पष्ट होतो. ५ ऑगस्टला बैठकीच्या भिंतीवर इमल्शनचा दुसरा हात मारला. तीन आठवडे म्हणजे २६ ऑगस्ट. पण ऑगस्टची हवा दमट, खिडक्या बंद, पंखा कधीतरी. रंग पिकायला उशीर होणार. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबणे योग्य. गणपतीची सजावट करायची घाई असेल तर हेच स्टिकर काचेच्या दारावर लावता येते. सप्टेंबरमध्ये सोफ्यामागच्या कोपऱ्यात नख दाबावे. खूण उमटून राहिली तर रंग अजून कच्चा आहे. काळे कापड घासावे. पांढरी भुकटी आली तर बेत सोडून द्यावा. दोन्हींत भिंत पास झाली तर शीटवरचे एखादे सुटे पान त्याच कोपऱ्यात लावावे आणि आठवडाभराने सावकाश काढावे. पानाच्या पाठीवर रंगाचा कण नसेल आणि भिंतीवर बोट फिरवताना चिकट लागले नाही, तरच झाड लावावे. अनामत रक्कम घरमालकाकडे असताना एवढी खटपट महाग नाही.

एवढे करूनही गोंद उरलाच, तर प्रथम कापडी टेपचा तुकडा बोटाभोवती चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा आणि डागावर टिचक्या मारल्यासारखा टेकवत उचलावा. बराचसा गोंद त्याला लागून येतो. उरलेला मऊ खोडरबराने हलका चोळावा, मग साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावा. टाइलवर आणि काचेवर खोबरेल तेल चालते, पण इमल्शनवर ते मुरून स्वतःचाच डाग पाडते. रॉकेल, थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव भिंतीला लावू नये. ते गोंदाबरोबर रंगही विरघळवते. गोंदाचा पुसट थर राहिला तर काही महिन्यांत त्यावर धूळ बसून चित्राची काळी बाह्यरेषा दिसू लागते. कधी गोंद अजिबात नसतानाही ठसा उरतो, कारण आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो आणि स्टिकरखालचा तसाच असतो. हा ठसा पुसून जात नाही. तेवढ्यापुरता ब्रश फिरवला तरी नवा ठिगळ दिसतो, म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत रंगवावी लागते.