एक त्रिज्या ओढली की...

कागदावर एक वर्तुळ काढा. त्याचा एक व्यास काढून टोकांना अ आणि ब म्हणा. आता परिघावर कुठेही एक बिंदू घ्या, प. प पासून अ ला आणि ब ला रेघ जोडा आणि कोनमापक लावून प पाशी झालेला कोन मोजा. तो काटकोन निघेल. प सरकवून अ च्या अगदी जवळ नेला तरी काटकोन, ब कडे नेला तरी काटकोन. त्रिकोण कधी उंच, कधी चपटा होतो. अ आणि ब पाशी असलेले कोन सतत बदलतात. प पाशी असलेला कोन मात्र हलत नाही.

मोजून पाहणारा माणूस इथे अडतो. कोनमापक कधी 89 अंश दाखवतो, कधी 91, आणि परिघावरचे बिंदू तर संपणारे नाहीत. शंभर ठिकाणी मोजून झाले तरी एकशे एकाव्या ठिकाणाबद्दल मोजणी काहीच सांगत नाही. म्हणून सिद्धता हवी, आणि ती एकाच रेघेत आहे.

वर्तुळाचा केंद्रबिंदू म. म पासून प पर्यंत त्रिज्या ओढा. मोठा त्रिकोण अपब दोन लहान त्रिकोणांत विभागला गेला. डावीकडच्या त्रिकोणात मअ आणि मप या दोन्ही त्रिज्या, म्हणजे त्या समान. त्रिकोण समद्विभुज आणि म्हणून अ पाशी असलेला कोन आणि प पाशी असलेला त्याचा कोन सारखे. समजा ते 35 अंशांचे आहेत. उजवीकडे मब आणि मप या त्रिज्या. तिथलेही दोन कोन सारखे. आता मोठ्या त्रिकोणाकडे पाहा. त्याचा अ पाशी असलेला कोन 35, ब पाशी असलेला कोन धरा य, आणि प पाशी असलेला कोन 35 अधिक य. तिन्हींची बेरीज 180. म्हणजे 35 दोनदा आणि य दोनदा मिळून 180, म्हणून 35 आणि य मिळून 90, आणि ही बेरीज म्हणजेच प पाशी असलेला कोन. 35 ऐवजी कोणताही आकडा घेतला तरी हिशेब तोच.

या प्रमेयाला थेल्सचे नाव जोडले जाते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलेटस नगरातला हा विचारवंत इ.स.पू. सहाव्या शतकातला. वर्तुळात काटकोन त्रिकोण बसवल्यावर त्याने बैलाचा बळी दिला, अशी कथा डायोजिनीस लाएर्शियस या चरित्रकाराने नोंदवली आहे. पण काहींच्या मते हा मान पायथागोरसचा, हेही तो तिथेच सांगतो. थेल्सची स्वतःची सिद्धता आपल्यापर्यंत आलेली नाही. आपल्या हाती आहे ती युक्लिडची, त्याच्या ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या पुस्तकातले 31 वे विधान.

मला या सिद्धतेतला एक प्रश्न फार मोलाचा वाटतो, आणि वर्गात तो क्वचितच विचारला जातो: अब हा व्यास आहे, ही माहिती नेमकी कुठे वापरली? समद्विभुज त्रिकोणांसाठी नाही. तिथे फक्त त्रिज्या लागल्या. ती वापरली लहान त्रिकोणाचा अ पाशी असलेला कोन हाच मोठ्या त्रिकोणाचाही कोन आहे असे म्हणताना. म हा अब वर आहे म्हणूनच ते खरे आहे. मग म त्या रेघेवर नसेल तर? तेवढीच एक पायरी ढासळते. समद्विभुज त्रिकोण शाबूत राहतात, आणि त्यांच्याच जोरावर पुढचे प्रमेय उभे राहते.

आता अब ही साधी जीवा घ्या. मप पुढे वाढवून ती रेघ पलीकडे परिघाला क मध्ये मिळू द्या. समजा डावीकडच्या समद्विभुज त्रिकोणाचे समान कोन 30 अंशांचे आहेत. त्रिकोणाचा बाह्यकोन समोरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, म्हणून म पाशी अमक कोन 60. उजवीकडचे समान कोन 20 असतील तर कमब कोन 40. बेरीज करा: केंद्रापाशी 100, परिघावर 50. कोणतीही जीवा केंद्रापाशी जो कोन करते, त्याच्या निम्मा कोन ती परिघावर करते. शाळेच्या पुस्तकातले अंतर्लिखित कोनाचे प्रमेय ते हेच.

इथे एक चोरवाट आहे. वरच्या आकृतीत केंद्र कोनाच्या आत होते. ते कोनाच्या बाहेर गेले तर अ आणि ब दोन्ही पक या रेघेच्या एकाच बाजूला येतात आणि बेरीज चालत नाही. तिथे वजाबाकी करावी लागते: 45 वजा 15 म्हणजे परिघावर 30, आणि 90 वजा 30 म्हणजे केंद्रापाशी 60. प्रमाण तेच राहते. पण ही स्थिती तपासली नाही तर सिद्धता अर्धीच राहते, आणि उत्तरपत्रिकेत बहुधा हीच स्थिती गळते.

प कुठेही असला तरी केंद्रापाशी असलेला कोन तोच, म्हणून जीवेच्या एकाच बाजूला परिघावर होणारे सगळे कोन समान. प जीवेच्या पलीकडच्या बाजूला नेला तर त्याच्या वाट्याला केंद्राभोवतीचा उरलेला कोन येतो: 360 वजा 100 म्हणजे 260, त्याचा निम्मा 130. आणि 50 व 130 मिळून 180. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे यातूनच निघाले. जीवा सरकत सरकत व्यास झाली की केंद्रापाशी सरळकोन, म्हणजे 180, आणि परिघावर 90. पहिले प्रमेय परत हाती येते. युक्लिडने मात्र असे केले नाही. निम्म्या कोनाचे प्रमेय त्याने 20 व्या विधानातच सिद्ध केले होते, तरी 31 व्या विधानात तो पुन्हा समद्विभुज त्रिकोणांकडे गेला. कारण त्याच्या व्याख्येप्रमाणे एकाच सरळ रेघेत असलेल्या दोन रेघांमध्ये कोन होतच नाही.

पहिल्या प्रमेयाचा उलटा अर्थही खरा आहे: परिघावर काटकोन असेल तर समोरची जीवा व्यासच असते. केंद्र न खुणावलेल्या गोल फळीवर याचा उपयोग होतो. गुण्याचा कोपरा कडेवर ठेवायचा, दोन्ही भुजा कडेला जिथे छेदतात तिथे खुणा करून त्या जोडायच्या. तो व्यास. गुण्या फिरवून दुसरा व्यास काढला की दोघांच्या छेदात केंद्र मिळते. फळी नीट गोल नसेल तर तिसरा व्यास त्या बिंदूतून जात नाही, म्हणून तिसराही काढून पाहावा.

दहावीच्या रचनेतही हेच प्रमेय काम करते. 3 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ आहे आणि केंद्र म पासून 5 सेंमीवर बाहेर प आहे. प मधून स्पर्शिका काढायची आहे. पट्टी प वर टेकवून नजरेने स्पर्श साधायला गेले, तर रेघ काही मिलिमीटर वर्तुळाला चिकटल्यासारखी दिसते आणि स्पर्शबिंदू नेमका कुठला ते कळत नाही. म्हणून मप चा मध्य काढायचा, तिथून 2.5 सेंमी त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढायचे. ते पहिल्या वर्तुळाला स आणि त मध्ये छेदते. मप हा दुसऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणून मसप हा अर्धवर्तुळातला कोन, म्हणजे काटकोन. त्रिज्येला तिच्या परिघावरच्या टोकाशी लंब असलेली रेघ स्पर्शिका असते, म्हणून पस स्पर्शिका झाली, पत दुसरी. पायथागोरसप्रमाणे पस चा वर्ग 25 वजा 9, म्हणजे 16, आणि लांबी 4 सेंमी.

घरी दहावीचे मूल असेल तर ही रचना त्याच्याकडून काढून घ्या, पस पट्टीने मोजा, आणि मग दुसऱ्या वर्तुळाची गरज का पडली तेवढे विचारा.