कोडं सुटेपर्यंत बोलायचं काय?

गोळीबाराच्या गेममध्ये दर सेकंदाला काहीतरी घडत असतं, त्यामुळे समालोचकाला विषय शोधावा लागत नाही. कोड्यांच्या गेमचं तसं नाही. खेळणारा अर्धा मिनिट पडद्याकडे बघत विचार करतो, मग एक ठोकळा चार घरं सरकवतो आणि पुन्हा थांबतो. गेम कसा सोडवायचा हे दाखवणारा व्हिडिओ, म्हणजे वॉकथ्रू, प्रेक्षक नेमका अशा ठिकाणी बंद करतात. मग समालोचक आवाज चढवतो, पण त्याने काही साधत नाही. कारण प्रेक्षक शांततेला कंटाळलेला नसतो. आपण कशाची वाट बघतोय हेच त्याला कळत नसतं. संथ जागी त्याच्या मनात एक नेमका प्रश्न जागा ठेवणं, हे स्क्रिप्टचं खरं काम.

फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ हा २०१९चा गेम उदाहरणाला घेऊ. यात गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात पडद्यावर मांडलेले असतात. `WALL IS STOP` हे तीन ठोकळे एका ओळीत असले की भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केला, की नियम मोडतो आणि भिंतीतून आरपार जाता येतं. ठोकळे फक्त ढकलता येतात, ओढता येत नाहीत. सुरुवातीच्याच एका लेव्हलमध्ये बाबा नावाचा पांढरा प्राणी भिंतींच्या आत अडकलेला असतो आणि जिंकण्यासाठी `FLAG IS WIN` हे वाक्य स्वतः जुळवावं लागतं.

इथे पहिला संथ क्षण येतो तो विचार करण्याचा. ‘ओके, तर आता बघूया काय करता येतं’ हे वाक्य कुठल्याही गेमला चालेल, म्हणूनच ते इथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी स्क्रिप्टमध्ये असं लिहावं: ‘बाबा चारही बाजूंनी बंद. दार नाही, किल्ली नाही. पण भिंत अडवते ती कुणाच्या हुकमाने? तो हुकूम बाबाच्या शेजारीच पडलाय. वाचा.’ इथे दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. तेवढ्यात प्रेक्षक स्वतः `WALL IS STOP` वाचतो आणि उत्तर त्याला आपलं आपण सापडतं. ‘मधला शब्द ढकला’ हे आधीच सांगून टाकलं, तर पुढचा सगळा वेळ नुसती हालचाल बघण्यात जातो.

दुसरा संथ क्षण ढकलाढकलीचा. भिंत पार झाली, आता शब्द जुळवायचे आहेत आणि त्यासाठी वळसे घालावे लागतात. ‘मी उजवीकडे जातोय’ असं सांगू नये, ते दिसतंच आहे. हालचाल चालू असताना पुढचा धोका सांगावा: ‘हा शब्द पार कडेला गेला, तर त्याच्या मागे उभं राहायला जागा उरणार नाही आणि तो परत आत येणार नाही. म्हणून मी लांबून वळसा घेतोय.’ आता त्याच कंटाळवाण्या वळशाकडे प्रेक्षक लक्ष देऊन बघतो.

तिसरा क्षण फसलेल्या प्रयत्नांचा. सगळे प्रयत्न दाखवायची गरज नाही. ज्यातून नियम कळतो तेवढाच ठेवावा, बाकीचे संकलनात कापावेत. उदाहरणार्थ, `BABA IS YOU` हेच वाक्य मोडलं तर बाबा आपल्या हातात राहत नाही आणि चाल मागे घ्यावी लागते. हे एकदा दाखवलं की पुढे प्रत्येक वेळी त्या वाक्याजवळ गेल्यावर धाकधूक आपोआप वाटते.

यासाठी क्रम पाळावा लागतो. आधी खेळ रेकॉर्ड करायचा, मग तो बघत प्रत्येक संथ जागेची सुरुवात, शेवट आणि त्या वेळी प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न हवा हे लिहायचं. संवाद शेवटी. आरामात बोललं तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. म्हणजे वीस सेकंदांच्या जागेत चाळीस शब्द मावतात, पण लिहायचे पंचवीस-तीसच. उरलेला वेळ प्रेक्षकाला विचार करायला लागतो. जागा चाळीस सेकंदांची असून सांगण्यासारखी गोष्ट एकच असेल, तर शब्द वाढवू नयेत, चित्र कापावं किंवा वेगाने पळवावं.

स्क्रिप्ट जमली का, हे व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूबच्या आलेखातून कळतं. प्रेक्षक कुठल्या क्षणापर्यंत टिकले, हे तो दाखवतो. विचाराच्या जागी रेषा एकदम घसरली, तर तिथे प्रश्न नव्हता किंवा उत्तर आधीच फुटलं होतं. स्क्रिप्टमधलं ते वाक्य काढून बघावं. मात्र काही जण एकाच लेव्हलला अडकून आलेले असतात. उत्तर मिळालं की ते निघून जाणारच, तेव्हा उत्तरानंतरची घसरण संवाद बदलून भरून काढायला जाऊ नये.