साडेतीन तासांच्या अंतरावरचं स्थळ

ती नाशिकच्या एका बँकेत, तो नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला इंजिनिअर. दोघंही इथे कल्पनेतली आहेत, पण विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावरून जुळलेली अशी दोन देशांतली स्थळं आता घराघरांत आहेत. पत्रिका, पगार आणि फोटो पाहून झाले की पुढे बोलायचं कसं, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

अडचण घड्याळाची आहे. उन्हाळ्यात नेदरलँड्स भारताच्या साडेतीन तास मागे असतं. ती सकाळी सातला डबा भरत असते, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. तो साडेसातला जेवायला बसतो, तेव्हा इथे रात्रीचे अकरा झालेले असतात आणि शेजारच्या खोलीत आईवडील झोपलेले. रोज निवांत फोनवर बोलायला दोघांनाही एकाच वेळी सवड मिळणं अवघड. म्हणून तिने एका सकाळी व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून दोन मिनिटं बोलून ठेवलं. उठल्यावर त्याने ते ऐकलं आणि सायकलवरून ऑफिसला जाता जाता उत्तर दिलं.

व्हॉट्सॲपने ही सोय 2013 मध्ये आणली. 2022 मध्ये कंपनीनेच सांगितलं, की रोज सरासरी सात अब्ज व्हॉइस नोट्स पाठवल्या जातात.

पहिले काही दिवस दोघं ‘तुम्ही’ म्हणत होते. माहिती सांगावी तशी वाक्यं: नोकरी, भावंडं, आवडते पदार्थ. मग एकदा तिच्या नोटमध्ये कुकरची शिट्टी झाली, ती बोलता बोलता थांबली आणि आतून ओरडली, “आई, तिसरी झाली, बंद कर!” त्याला हसू आलं. त्या रात्रीच्या उत्तरात तो म्हणाला, “तुला सर्दी झालीय का? आवाज बसलाय तुझा.” ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते तिथे, कुणी ठरवून केलं नाही. लिहिलेल्या निरोपात बसलेला आवाज कळला नसता आणि स्वयंपाकघरही ऐकू आलं नसतं.

आवाजाने जवळीक वाढते, याला संशोधनाचाही आधार आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना जुन्या मित्राशी फोनवर किंवा ईमेलने संपर्क साधायला सांगितलं होतं. फोनवर अवघडल्यासारखं होईल, अशी लोकांची अटकळ होती. प्रत्यक्षात अवघडलेपण वाढलं नाही आणि फोनवर बोललेल्यांना जवळीक जास्त वाटली. मात्र ते बोलणं समोरासमोर चालावं तसं, त्याच क्षणी प्रश्न आणि उत्तर असं होतं. व्हॉइस नोटमध्ये तसं नसतं.

इथेच खरी मेख आहे. नोटमध्ये कुणी मधे तोडत नाही, त्यामुळे लाजरा माणूसही मोकळा होतो. वडिलांच्या आजारपणाबद्दल ती पहिल्यांदा बोलली ते असंच, सात मिनिटं, एका दमात. पण ज्या नोटमध्ये मोकळं होता येतं, तीच पुसून पुन्हा रेकॉर्डही करता येते. चिडका सूर आला की नोट रद्द. उत्तर सुचायला चार तास मिळतात. पलीकडच्याला पोचतो तो माणसाचा निवडलेला आवाज.

क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांच्या 2013 च्या अभ्यासात असंच दिसलं. दूर राहणारी जोडपी जवळ राहणाऱ्यांपेक्षा मनातलं जास्त सांगत होती, आणि एकमेकांना जास्त आदर्शही मानत होती. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या आणखी एका अभ्यासात, दूर राहून मग एकाच गावात आलेल्या जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तीन महिन्यांतच वेगळी झाली. ठरवून पाहिलेल्या स्थळांना हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण सावध व्हायला पुरेसे आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. अंतर साडेचार तासांचं झालं. तिचे रात्रीचे अकरा आता त्याचे साडेसहा, ऑफिसातून घरी पोचण्याची वेळ. उत्तरं उशिरा येऊ लागली, तशी तिला शंका येऊ लागली. ऐकल्याची निळी खूण दिसायची, पण नोट यायची नाही. त्याच्या लेखी फक्त थकवा होता. हे दोघांना उलगडलं ते रविवारच्या व्हिडिओ कॉलवर, अर्ध्या तासाच्या वादानंतर. पहिलाच वाद. तो चिडला की गप्प होतो, हे तिला त्या दिवशी कळलं. ती प्रश्नांवर प्रश्न विचारते, हे त्याला.

मग रविवारचा कॉल ठरूनच गेला, काही न ठरवता बोलण्यासाठी. पैशांचं, नोकरी सोडण्याचं, आईवडिलांचं कोण पाहणार याचं बोलणं नोटमध्ये करायचं नाही, असं तिने सुचवलं. डिसेंबरमध्ये तो नाशिकला आला. पहिल्या भेटीत दोघं चहाच्या टेबलावर बराच वेळ गप्प होते, कारण समोर पुसायचं बटण नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या आईवडिलांसोबत बसले, आणि तिची नोकरी हा विषय त्यानेच काढला. साखरपुड्याची तारीख त्या बैठकीत ठरली नाही. आधी तिने मे महिन्यात आइंडहोवनला जाऊन यावं, मग ठरवू, असं वडील म्हणाले, आणि दोघांनाही ते पटलं.