एकच फ्लॅट, दोन टीडीएस

कोथरूडमधला एक फ्लॅट वडिलांनी १९९५ साली घेतला होता. त्यांच्या पश्चात तो मुलगा आणि मुलगी यांच्या नावे निम्मा-निम्मा झाला. मुलगी पुण्यातच राहते, मुलगा न्यू जर्सीत. डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅट १ कोटी २० लाखांना विकला, असं धरू. प्रत्येकाच्या वाट्याला ६० लाख येतात. बहिणीच्या रकमेतून खरेदीदार १ टक्का, म्हणजे ६० हजार टीडीएस कापतो. भावाच्या रकमेतून कापले जातात ८ लाख ५८ हजार.

भाऊ अनिवासी आहे, म्हणून हा फरक. त्याच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर, त्यावर अधिभार आणि ४ टक्के उपकर लागतो. वास्तविक कर नफ्यावर आहे, किमतीवर नाही. पण कपात कमी पडली तर प्राप्तिकर खातं खरेदीदाराला धरतं, त्यामुळे तो सगळ्या किमतीवरच कापतो. त्याच्या जागी कोणीही तेच करील.

आता खरा कर पाहू. वारशाने आलेल्या घराची किंमत वडिलांच्या खरेदीपासून धरतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचं बाजारमूल्य घेता येतं. नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालानुसार ते २४ लाख निघालं, तर भावाच्या वाट्याचे १२ लाख वजा होतात. नफा उरतो ४८ लाख. हा आकडा ५० लाखांच्या आत असल्याने अधिभारही लागत नाही. भारतात दुसरं उत्पन्न नसेल, तर एकूण कर ६ लाख २४ हजार होतो. म्हणजे २ लाख ३४ हजार जास्तीचे कापले गेले.

ते परत मिळतात, पण आर्थिक वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरल्यानंतर. त्यासाठी खरेदीदाराने टॅन क्रमांक काढून कर भरलेला हवा आणि अनिवासींसाठीचं तिमाही विवरण, २७क्यू, दाखल केलेलं हवं. घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. भाऊ निवासी आहे असं समजून खरेदीदार त्याच्याही रकमेतून १ टक्काच कापतो, किंवा विवरणात पॅन चुकवतो. मग विक्रेत्याच्या २६एएसमध्ये रक्कम दिसत नाही आणि परतावा अडकतो. म्हणून विक्रेत्याने २६एएस पाहावं आणि खरेदीदाराकडून १६ए प्रमाणपत्र मागून घ्यावं.

पैसे अडकूच नयेत यासाठीही सोय आहे. ट्रेसेस पोर्टलवर फॉर्म १३ भरून कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र मागता येतं. अर्जासोबत विक्रीचा करार, मूल्यांकन अहवाल, वारसाहक्काची कागदपत्रं आणि नफ्याचा हिशेब द्यावा लागतो. प्रमाणपत्र त्या खरेदीदाराच्या टॅनसाठीच असतं आणि मागच्या तारखेपासून लागू होत नाही. बयाण्यावरही टीडीएस कापावा लागतो, त्यामुळे बयाणा आधी घेतला तर त्यावर पूर्ण दराने कपात होते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यानंतरच्या व्यवहारात जुन्या कलमांवर आणि फॉर्मच्या क्रमांकांवर न विसंबता ते सल्लागाराकडून तपासून घ्यावेत.