एकाच अकाउंटवरून सगळ्यांची ऑर्डर: डिस्काउंट कुणाचा, डिलिव्हरी चार्ज कुणी भरायचा आणि रिटर्नचे पैसे कुणाला?

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज तुम्हीही पाहिला असेल: "सेल सुरू झालाय, पाच हजारांवर ऑफर आहे, कुणाला काय मागवायचंय?" मग एकजण कुकर सांगतो, दुसरा बेडशीट, तिसरा मुलीसाठी बॅग. ज्याच्याकडे ऑफरवालं कार्ड असतं, तो सगळं आपल्या अकाउंटवर टाकतो. इथपर्यंत सगळे खूश असतात. खरी अडचण आठ दिवसांनी येते. एकाची वस्तू परत जाते, रिफंड कमी येतो आणि "उरलेले पैसे कुठे गेले?" असा प्रश्न ग्रुपवर पडतो.

बहुतेक वेळा पैसे कुणीच खाल्लेले नसतात. हिशोब कसा करायचा हे आधी ठरलेलं नसतं, एवढंच.

एकत्र खरेदी करणं आपल्याकडे नवीन नाही. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत जवळ राहणारी कुटुंबं संघ करून घरसामान एकत्र मागवतात आणि सभासद स्वतःच ते वाटून घेतात. ऑनलाइन ऑर्डरमध्ये मात्र एक फरक आहे. इथे बिल, ओटीपी, रिफंड आणि तक्रारीचा हक्क हे सगळं एकाच माणसाच्या अकाउंटला जोडलेलं असतं. त्यामुळे नियम थोडे वेगळे लागतात.

आधी डिस्काउंटचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. बीडमध्ये नगर रोडवरच्या एका छोट्या सोसायटीत चार घरांनी मिळून ऑर्डर केली असं समजा.

- फ्लॅट 101: कुकर, 2,400 रुपये
- फ्लॅट 102: बेडशीट सेट, 1,200 रुपये
- फ्लॅट 201: स्कूल बॅग, 900 रुपये
- फ्लॅट 202: एलईडी बल्बचा पॅक, 500 रुपये

एकूण झाले 5,000. ऑफर होती "किमान 5,000 च्या खरेदीवर 10 टक्के सूट, जास्तीत जास्त 300 रुपये". म्हणजे जाहिरातीत 10 टक्के दिसत असले तरी प्रत्यक्ष सूट 300 रुपयांचीच, म्हणजे 6 टक्के. वस्तूंचे झाले 4,700, त्यावर 80 रुपये डिलिव्हरी. एकूण भरले 4,780.

आता 300 रुपये वाटायचे कसे? पटकन सुचणारा मार्ग म्हणजे चौघांना 75-75 रुपये. पण मग बल्बवाल्याला 500 वर 75, म्हणजे 15 टक्के सूट मिळते आणि कुकरवाल्याला जेमतेम 3 टक्के. कुकर नसता तर पाच हजारांचा आकडा गाठलाच नसता, हे कुकरवाल्याच्या लक्षात येतंच.

म्हणून सूट किमतीच्या प्रमाणात वाटावी. सूत्र साधं आहे:

```
तुमचा वाटा = तुमच्या वस्तूची किंमत × (सूट वजा जाता रक्कम ÷ मूळ एकूण)
```

इथे 4,700 ला 5,000 ने भागलं की 0.94 येतात. म्हणजे प्रत्येकाने आपल्या किमतीच्या 94 टक्के द्यायचे: 101 चे 2,256, 102 चे 1,128, 201 चे 846 आणि 202 चे 470. बेरीज बरोबर 4,700.

एक अपवाद लक्षात ठेवा. एखादं कूपन फक्त एकाच वस्तूला लागू असेल, उदाहरणार्थ फक्त बॅगांवर, तर ती सूट त्या वस्तूवाल्याचीच. ती सगळ्यांत वाटायची नाही.

डिलिव्हरी चार्ज समान का?

80 रुपये मात्र चौघांत 20-20 असे वाटावेत. कारण हा चार्ज किमतीवर लागलेला नाही, ऑर्डर घरी पोचवण्यासाठी लागलेला आहे. बल्ब स्वस्त आहे म्हणून त्याला आणणं स्वस्त पडत नाही. पण एखाद्या जड वस्तूमुळे वेगळा चार्ज लागला असेल आणि बिलात तो वेगळा दिसत असेल, तर तो त्या वस्तूवाल्याने भरायचा.

म्हणजे शेवटचा हिशोब असा: 101 चे 2,276, 102 चे 1,148, 201 चे 866 आणि 202 चे 490. एकूण 4,780. ऑर्डर टाकण्याआधी हे आकडे ग्रुपवर टाका आणि पैसे यूपीआयने आधीच घ्या. "नंतर देतो" म्हणणाऱ्याची वस्तू कार्टमध्ये राहिली, तर उधारी अकाउंटवाल्याच्या नावावर चढते. ती काढली, तर पाच हजारांची अट मोडते. म्हणून कुणी मागे हटणार असेल तर ऑर्डरच्या आधी हटावं.

कार्डावर मिळालेले रिवॉर्ड पॉइंट कुणाचे, हा प्रश्नही निघतो. ते अकाउंटवाल्याकडेच राहू द्यावेत. फोन घेणं, ओटीपी देणं, रिटर्नच्या पिकअपला घरी थांबणं हे सगळं तोच करतो. पण हेही आधीच बोलून ठेवलेलं बरं.

भांडण होतं ते रिटर्नवर

समजा 201 ला बॅग लहान वाटली आणि त्यांनी ती परत केली. बॅगेची किंमत 900 दिसत होती, पण रिफंड आला 846. अकाउंटवाल्याने 54 रुपये ठेवून घेतले का? नाही. कूपनची सूट बिलात वस्तूनिहाय वाटली जाते. कंपनी तेवढेच पैसे परत देते जेवढे त्या वस्तूसाठी प्रत्यक्ष भरले. म्हणून 201 ला 846 मिळाले की हिशोब पूर्ण. डिलिव्हरीचे 20 रुपये सहसा परत येत नाहीत.

पण यापेक्षा अवघड प्रकार दुसराच आहे. काही ऑफरमध्ये अट असते की रिटर्ननंतर खरेदी किमान रकमेखाली गेली, तर सूटच रद्द होते. बॅग गेल्यावर उरतात 4,100 रुपयांच्या वस्तू. कंपनी म्हणते, आता सूट नाही, या वस्तूंचे पूर्ण 4,100 द्या. तुम्ही भरले होते 4,700, म्हणून रिफंड येतो फक्त 600. 846 ऐवजी 600. मधले 246 रुपये कुणाचे गेले?

इथे रिटर्नचं कारण बघायचं.

बॅग चांगलीच होती, फक्त आवडली नाही किंवा आकार चुकला, तर हे 246 परत करणाऱ्याने सोसावेत. बाकीच्या तिघांनी काहीच बदललेलं नाही. 201 ला 600 मिळतील.

बॅगेची चेन तुटलेली आली, म्हणजे दोष वस्तूत होता, तर गोष्ट वेगळी. आधी कंपनीकडे तक्रार करून पूर्ण 846 मागा. नाहीच मिळाले, तर 246 रुपये उरलेल्या तिघांनी किमतीच्या प्रमाणात द्यावेत: 101 ने 144, 102 ने 72 आणि 202 ने 30. हे अन्यायाचं वाटेल, पण बेरीज करून बघा. तिघांनी शेवटी आपापल्या वस्तूची मूळ किंमतच दिली, जी एकट्याने मागवली असती तरी दिलीच असती. तुटकी बॅग मिळालेल्या माणसाने मात्र सगळ्यांच्या सुटीचा खर्च उचलावा, हे योग्य नाही.

ऑर्डरच्या आधी ऑफरच्या अटींमध्ये "रिटर्न" आणि "कॅन्सल" या शब्दांसमोर काय लिहिलंय ते वाचा. ही अट असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. साइजची शंका असलेली वस्तू अशा ऑर्डरमध्ये टाकूच नका.

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा

एका ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या असतील, तर पार्सलही वेगवेगळ्या दिवशी येतात आणि बिलंही वेगळी असतात. प्रत्येक वस्तूच्या रिटर्नची मुदत ती वस्तू पोचल्यापासून मोजली जाते, तुमच्या हातात आल्यापासून नाही.

ऑफिसमध्ये हे जास्त नडतं. बीडच्या ऑफिसात काम करणारे काहीजण गेवराई किंवा वडवणीहून ये-जा करतात. पार्सल शुक्रवारी आलं, तो माणूस रजेवर, मग सुट्टी, आणि सोमवारी डबा उघडला तर काच फुटलेली. तोवर मुदतीतले तीन दिवस गेलेले असतात. म्हणून ज्याच्या हातात पार्सल येतं, त्याने पॅकिंग न फोडता आधी लेबलचा फोटो काढावा, मग उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकावा. ज्याची वस्तू आहे त्याला हे चालणार आहे ना, हे आधीच विचारून ठेवा.

गॅरंटीच्या वस्तूचं बिलही त्याच दिवशी डाउनलोड करून संबंधित माणसाला पाठवा. सहा महिन्यांनी कुकर बिघडला आणि अकाउंटवाल्याची बदली झालेली असली, तर बिल शोधत बसावं लागतं.

रिफंड कधी द्यायचा?

रिफंड सहसा ज्या मार्गाने पैसे भरले तिथेच जातो. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर बँक खातं किंवा वॉलेट असा पर्याय विचारतात. तिथे बँक खातं निवडा, कारण वॉलेटमधले पैसे दुसऱ्याला देता येत नसतील तर अकाउंटवाल्याला खिशातून द्यावे लागतात. आणि "रिफंड सुरू झाला" हा मेसेज म्हणजे पैसे आले असं नाही. खात्यात जमा दिसले की लगेच पुढे पाठवायचे आणि स्क्रीनशॉट द्यायचा, हा नियम दोघांनाही सोयीचा.

कंपनीने ऐकलंच नाही तर?

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, अशी जबाबदारी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यावर आहे. मात्र "आवडली नाही" म्हणून परत करण्याचा हक्क या नियमांत नाही. तो कंपनीच्या स्वतःच्या रिटर्न पॉलिसीवर अवलंबून असतो.

तक्रार अकाउंटवाल्यानेच करावी, कारण बिल त्याच्या नावावर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक मानला जातो, त्यामुळे शेजाऱ्याची वस्तू होती म्हणून हक्क संपत नाही. पण अकाउंटवाल्याने वस्तूंवर वरचे पैसे लावून त्या विकल्या, तर तो पुनर्विक्रेता ठरू शकतो आणि हे संरक्षण जातं. म्हणून जेवढं बिल तेवढेच पैसे घ्या.

कंपनीकडून उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ज्या जिल्ह्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. वस्तूसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

पुढच्या वेळी ग्रुपवर "कुणाला काय मागवायचंय?" असा मेसेज आला, तर लिंकच्या आधी तीन ओळी टाका: सूट किमतीच्या प्रमाणात, डिलिव्हरी समान, आणि मर्जीने रिटर्न केला तर तुटीचा भार परत करणाऱ्यावर. ज्याला हे मान्य आहे, तो वस्तू सांगेल.