पाकळी माझ्याकडे, पण धूळ कुणीकडे? – विंड रोझ कसा वाचायचा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

गेल्या आठवड्यात रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार काकांनी व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. गोल जाळं, त्यात मधोमध फुलासारख्या रंगीत पाकळ्या. त्यांच्या हापूसच्या बागेच्या पूर्वेला, सड्यावर, दगडखाण आणि खडीचा क्रशर प्रस्तावित आहे. जनसुनावणीआधी जो पर्यावरण अहवाल मिळाला, त्यातलं हे पान. सोबत काकांचा प्रश्न: "सगळ्यात मोठ्या पाकळ्या पश्चिम आणि वायव्येकडे आहेत. माझी बाग क्रशरच्या पश्चिमेलाच आहे. म्हणजे सगळी धूळ माझ्या बागेत येणार ना?"

या चित्राला विंड रोझ म्हणतात. काकांनी जी चूक केली ती जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा करतो, मीही केली होती. वाऱ्याची दिशा म्हणजे वारा कुठून येतो ती दिशा. शाळेत आपण "नैऋत्य मोसमी वारे" शिकलो, ते नैऋत्येकडून येतात, नैऋत्येला जात नाहीत. विंड रोझमध्येही तसंच. पश्चिमेची पाकळी म्हणजे पश्चिमेकडून, समुद्रावरून आलेला वारा, आणि तो धूळ नेणार पूर्वेला. म्हणजे काकांची बाग मोठ्या पाकळीच्या बाजूला आहे हे खरं तर चांगलं. त्यांना बघायला हवी समोरची, पूर्वेची पाकळी. ती अगदी बारकी होती.

हे ऐकून काका म्हणाले, "मग सुटलो." मी म्हटलं थांबा, आधी चित्र नीट वाचू.

आता आकड्यांकडे येऊ. समजायला सोपे जावेत म्हणून मी सोयीचे आकडे घेतोय, हे त्या अहवालातले नाहीत. अहवाल मार्च ते मे या तीन महिन्यांचा, दर तासाला एक नोंद. 92 दिवस गुणिले 24, म्हणजे 2208 नोंदी. चित्रातली गोल वर्तुळं म्हणजे टक्के. वायव्येची पाकळी 30 टक्क्यांच्या वर्तुळापर्यंत गेली असेल, तर तीन महिन्यांत साधारण 660 तास वारा वायव्येकडून आला. म्हणजे पाकळीची लांबी सांगते किती वेळ. वारा किती जोरात होता ते लांबी सांगत नाही, ते रंग सांगतात.

एका पाकळीत तीन रंग आहेत असं धरू. आतला फिकट रंग हलक्या वाऱ्याचा, मधला मध्यम, बाहेरचा गडद रंग जोराच्या वाऱ्याचा. फिकट 6 टक्क्यांवर संपतो, मधला 20 वर, गडद 30 वर. इथे लोक म्हणतात, "30 टक्के वेळ जोराचा वारा." नाही. रंग एकावर एक रचलेले असतात, म्हणून वजाबाकी करायची: हलका 6, मध्यम 14, जोराचा 10. डोळा इथे फसतो, कारण पाकळी बाहेरच्या बाजूला रुंद होत जाते. गडद रंगाचं क्षेत्रफळ जास्त दिसतं आणि तो वारा असतो त्यापेक्षा जास्त वाटतो. म्हणून रंगाचा पसारा बघू नका, वर्तुळावरचा आकडा वाचा.

मग मधला मुद्दा, अक्षरशः मधला. केंद्राजवळ किंवा चित्राच्या कोपऱ्यात "शांत" किंवा "काम" असं लिहून एक टक्केवारी असते. वारा इतका मंद की दिशाच सांगता येत नाही, असे तास. आपल्या उदाहरणात वायव्य 30, पश्चिम 25, उत्तर 10, नैऋत्य 8, ईशान्य 6, पूर्व 5, दक्षिण 2, आग्नेय 2. बेरीज करा. 88 येते. शांत तास 12 टक्के दिलेत, म्हणजे हिशेब जुळला. पण पाकळ्यांचीच बेरीज 100 आली आणि शांत 12 टक्के वेगळे लिहिलेले असतील, तर समजायचं की चित्र काढताना शांत तास बाजूला ठेवलेत. मग प्रत्येक पाकळी 0.88 ने गुणल्याशिवाय खरे तास मिळणार नाहीत. ही बेरीज करायला दोन मिनिटं लागतात. मी कुठलाही विंड रोझ हातात आला की आधी तीच करतो.

आता काकांच्या बारक्या पाकळीकडे. पूर्व, 5 टक्के, जवळजवळ सगळी फिकट रंगाची. 2208 चे 5 टक्के म्हणजे 110 तास. तीन महिन्यांत 110 तास, किरकोळ वाटतं. पण हे 110 तास दिवसभर सारखे पसरलेले आहेत का?

किनाऱ्यावर राहणाऱ्याला याचं उत्तर माहीत आहे. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे येतात, साधारण अकरा-बाराच्या सुमारास सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि उलटा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटतो, तो सकाळपर्यंत असतो. आपल्याकडे मतलई वारा म्हणजे पूर्व-ईशान्येकडचा. म्हणजे ती बारकी पाकळी बहुतेक रात्रीची आणि सकाळची आहे. समजा ते 110 तास सगळे सकाळी सहा ते दहामध्येच आले. 92 दिवसांत असे एकूण 368 तास. 110 भागिले 368, जवळपास 30 टक्के. चोवीस तासांच्या चित्रात 5 टक्के दिसणारा वारा सकाळच्या चित्रात 30 टक्के होऊ शकतो. क्रशर सकाळी आठला चालू होणार असेल, तर काकांच्या दृष्टीने दुसरा आकडा कामाचा.

आणखी एक गोष्ट. फिकट रंग म्हणजे हलका वारा, मग त्रास कमी, असं वाटतं. क्रशरमधून ठरावीक दराने बाहेर पडणाऱ्या धुळीच्या बाबतीत उलटं आहे. जोराचा वारा ती धूळ भरपूर हवेत मिसळून पातळ करतो. हलक्या वाऱ्यात, त्यातून पहाटे थंड हवा जमिनीलगत बसलेली असताना, तीच धूळ दाट राहते आणि खालून सरकत जाते. शांत तासांत तर ती आसपासच रेंगाळते. (उघड्यावर पडलेल्या खडीच्या ढिगाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे जोराचा वाराच धूळ उचलतो. त्यामुळे क्रशरसाठी फिकट रंग बघा आणि ढिगाऱ्यासाठी गडद.)

आता खरी मेख. अहवाल मार्च ते मेचा. नियमांनुसार अशा अहवालांत पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी बऱ्याचदा चालते, त्यात काही गैर नाही. पण हापूसला मोहोर कधी येतो? थंडी पडली की, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. आणि मतलई वारा सर्वात ठळक कधी असतो? त्याच महिन्यांत, कारण रात्री मोठ्या आणि थंड. म्हणजे ज्या काळात मोहोरावर धूळ बसू नये असं वाटतं, नेमका तोच काळ या चित्रात नाही. चित्र खोटं नाही. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, इतकंच.

इथे एक श्रोता विचारेल, मग वर्षभराची सरासरी दिशा काढली तर? तीही काढून बघू. हिवाळ्यातल्या दिवशी सकाळी वारा ईशान्येकडून, म्हणजे 45 अंश. दुपारी वायव्येकडून, 315 अंश. साधी सरासरी काढा: 360 भागिले 2, 180 अंश. दक्षिण! दिवसभरात दक्षिणेकडून झुळूकसुद्धा आली नाही. बाणांची बेरीज करून, म्हणजे रीतसर काढली आणि दोन्ही वेळचा वेग सारखा धरला, तर सरासरी येते उत्तर. तोही वारा त्या दिवशी वाहिला नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे वारा दिवसातून दोनदा बाजू बदलतो, सरासरी दिशा फारशी उपयोगाची नाही. म्हणूनच हवामान खात्याच्या दीर्घकालीन तक्त्यांत सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचचे वारे वेगवेगळे दिलेले असतात. त्या दोन वेळांची तुलना केली की किनाऱ्याचा स्वभाव लगेच दिसतो.

एक छोटं विषयांतर, कारण मला ते आवडतं. कधीकधी 16 पाकळ्यांच्या विंड रोझमध्ये उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या चार पाकळ्या शेजारच्यांपेक्षा उगाच लांब दिसतात, अगदी अधिक चिन्हासारख्या. वारा तसा नसतो. बऱ्याच ठिकाणी दिशा दहा-दहा अंशांत नोंदवतात, म्हणजे 36 शक्य दिशा. त्या 16 खणांत टाकल्या की उत्तरेच्या खणात 350, 360 आणि 10 अशा तीन पडतात, तर तिच्या शेजारच्या खणात 20 आणि 30 अशा दोनच. वारा चारही बाजूंनी सारखा असला तरी मुख्य चार पाकळ्या दीडपट होतात. चित्रात असं अधिक चिन्ह दिसलं तर पूर्वेच्या पाकळीवरही जरा कमी विश्वास ठेवायचा.

आणि शेवटचा प्रश्न, वारा मोजला कुठे? मोजणीची रूढ उंची जमिनीपासून 10 मीटर, मोकळ्या जागी. सड्यावरचं यंत्र सड्याचा वारा सांगेल. काकांची बाग उतारावर, खाली वहाळाच्या बाजूला आहे. रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते, ती सड्यावरच्या यंत्राला कळणारही नाही. मोजणी दुसऱ्याच गावातली किंवा संगणकाच्या प्रारूपातून काढलेली असेल, तर चित्राखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. ते वाचा.

मग काकांनी जनसुनावणीत काय मागायचं? "धूळ येणार" असं म्हणून भागणार नाही, कारण समोरचा हाच विंड रोझ दाखवून म्हणेल की वारा पश्चिमेचा आहे, आणि ते बरोबरच असेल. मागायचं असं: डिसेंबर ते फेब्रुवारीचा वेगळा विंड रोझ, त्यात सकाळी सहा ते दहाचा आणि दुपारचा वेगळा, शांत तासांच्या टक्केवारीसह. आणि ज्या तासवार नोंदींवरून चित्र काढलं, ती फाईल.

काकांनी आणखी एक केलंय, तेही सांगतो. बागेतल्या मोकळ्या जागेत उंच बांबूला पांढरं फडकं बांधलंय. रोज सकाळी सात आणि दुपारी चारला ते कुठल्या बाजूला उडतंय हे बघून वहीत नोंद करतात, आणि वारा "कुठून" तेच लिहायचं हे लक्षात राहावं म्हणून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. फडकं पश्चिमेला उडालं की वहीत "पूर्व". पहिले दोन दिवस उलटं लिहिलं होतं, ते खोडलंय.