दंडावरचं व्याकरण

शहरातल्या एका टॅटू स्टुडिओचा कलाकार गिऱ्हाइकांनी आणलेल्या संस्कृत ओळी सुई लावण्याआधी मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. मी संस्कृत शिकवते. येणाऱ्या ओळी बहुतेक प्रेमाच्या, आणि ऑनलाइन अनुवादकातून उतरवून घेतलेल्या असतात.

परवा एका जोडप्याची ओळ आली. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनाही दंडावर तीच हवी होती : ‘अहं भवन्तं प्रेम करोमि’. इंग्रजीत ‘आय लव्ह यू’ टाकून मिळालेली.

यातली पहिली चूक मराठी कानालाही कळते. आपण ‘तुला प्रेम करते’ म्हणत नाही, ‘तुझ्यावर’ म्हणतो. इंग्रजी वाक्यात प्रेमाचा माणूस सरळ कर्माच्या जागी बसतो. यंत्राने तीच बांधणी उचलली आणि द्वितीया लावली. संस्कृतात स्नेह ‘च्या ठायी’ असतो, म्हणून ‘स्निह्’ धातूबरोबर सप्तमी येते : त्वयि स्निह्यामि. वामन शिवराम आपट्यांच्या १८९०च्या कोशात हा धातू काढला, तर सप्तमीची सूचना तिथेच दिलेली आहे. क्रियापदाचा अर्थ पाहून थांबू नये. त्याच्याबरोबर कोणती विभक्ती चालते तेही वाचावं.

दुसरी चूक जास्त गमतीची आहे. ‘भवन्तम्’ म्हणजे ‘आपल्याला’, आणि तेही पुल्लिंगी. पत्नीच्या दंडावर ते निदान आदरार्थी तरी ठरलं असतं. नवऱ्याच्या दंडावर मात्र तो एखाद्या सद्‌गृहस्थाला उद्देशून बोलत राहिला असता. इंग्रजी ‘यू’ला लिंग नाही आणि अहो-जाहोही नाही, तेव्हा यंत्राने स्वतःच काहीतरी ठरवून टाकलं. मराठीतही हेच होतं. मुलीच्या मनगटावर ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ येतं, कारण बोलणारी कोण हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ओळ तपासताना माझा पहिला प्रश्न असतो, कोण कोणाला म्हणतंय?

या जोडप्यापुढे मी दोन पर्याय ठेवले. ‘त्वयि स्निह्यामि’मध्ये लिंगाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे एकच ओळ दोघांना चालते. पण स्नेह आईचा लेकरावरही असतो. ओढ, आसक्ती हवी असेल तर ‘अनुरक्त’ हा शब्द जवळचा. मात्र तिच्या दंडावर ‘त्वयि अनुरक्तास्मि’ आणि त्याच्या दंडावर ‘त्वयि अनुरक्तोऽस्मि’ असं लिहावं लागेल. त्याच्या ओळीतला अवग्रह पुसट छापला की इंग्रजी एस वाटतो, आणि कुणीतरी तो चूक समजून काढून टाकतं. त्यांनी पहिली ओळ घेतली.

गिऱ्हाईक अनेकदा सांगतं, ‘मॅडम, उलटा अनुवाद करून पाहिला, बरोबर आला.’ त्या परीक्षेवर माझा भरवसा नाही. ज्या यंत्राने ‘भवन्तं प्रेम करोमि’ जुळवलं, ते त्याचं पुन्हा ‘आय लव्ह यू’ करून देणारच. मोडक्या वाक्याचाही अंदाज बांधण्यात ते तरबेज असतं. त्यापेक्षा भाषा जाणणाऱ्या माणसाला नुसती ओळ द्यावी, तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगू नये, आणि ‘यात काय लिहिलंय?’ एवढंच विचारावं. आधी अर्थ सांगितला की तोही दयाळूपणे तोच अर्थ वाचतो.

ओळ शुद्ध झाली तरी काम संपत नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरं बांधण्याची सोय सुरू नसेल, तर ‘स्नि’ फुटतो : स सुटा, त्याखाली हलन्त, आणि जी वेलांटी ‘स्’च्या आधी दिसायला हवी ती भलतीकडेच. ‘ह्या’चंही तेच होतं. देवनागरी न वाचणाऱ्या कलाकाराला ती नक्षी ठीकच वाटते. म्हणून मी टाइप केलेल्या मजकुरावर होकार देत नाही. स्टेन्सिलचाच फोटो मागवते आणि मूळ ओळीशेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहते. जांभळं स्टेन्सिल कातडीवर उमटल्यावर पुन्हा एकदा मोठ्याने वाचायचं. तोवर ते पुसून नव्याने लावता येतं. अक्षरं फार बारीकही नकोत : शाई वर्षांगणिक त्वचेत थोडी पसरते, आणि ‘ह्य’मधली फट बुजली की तिथे नुसता डाग उरतो.

गोंदून झाल्यावर चूक कळली, तर काय राहून गेलंय आणि काय जास्त झालंय हे आधी पाहावं. राहिलेला काना, मात्रा, हलन्त नंतर भरता येतो. जास्तीचं अक्षर मात्र लेझरने फिकं करावं लागतं किंवा दुसऱ्या चित्राखाली झाकावं लागतं. ‘त्वां’चं ‘त्वयि’ करायला तर काना आणि अनुस्वार घालवून ‘यि’ची जागा काढावी लागेल, आणि पुढचा शब्द ती द्यायला तयार नसतो.